मतं सगळ्यात जास्त, सीट शून्य: फर्स्ट पास्ट द पोस्ट आणि प्रमाणशीर प्रतिनिधित्व, पाच जागांचा हिशोब मांडून

२०१४ च्या लोकसभेला उत्तर प्रदेशात बहुजन समाज पक्षाला जवळजवळ २० टक्के मतं पडली, म्हणजे दीड कोटीच्या वर माणसांनी हत्तीचं बटण दाबलं, आणि ८० पैकी सीट आल्या शून्य. त्याच राज्यात काँग्रेसला साडेसात टक्के मतं होती आणि त्यांच्या दोन सीट आल्या, रायबरेली आणि अमेठी. अपना दलला तर एक टक्क्याच्या आसपास मतं, तरी दोन सीट. परीक्षेत फर्स्ट पास्ट द पोस्टचे, म्हणजे "एफपीटीपीचे तोटे" म्हणून आपण एक ओळ लिहितो की मतं आणि जागा यांचं प्रमाण जुळत नाही, पण ती ओळ लिहिताना हे नेमकं कसं घडतं ते बऱ्याच जणांना सांगता येत नाही, कारण आपण आकडे हाताने कधी मांडलेलेच नसतात. तर आज ते मांडूया. कागद पेन घ्या, बेरीज भागाकार सोडून यात काही नाही.

एक छोटं राज्य धरा. पाच मतदारसंघ, प्रत्येकात बरोबर १००० मतं. चार पक्ष आहेत, त्यांना मोर, पोपट, घार आणि चिमणी म्हणू, म्हणजे खऱ्या कुठल्या पक्षाची आठवण येणार नाही आणि डोकं हिशोबात राहील. मतं अशी पडली:

| मतदारसंघ | मोर | पोपट | घार | चिमणी |
|---|---|---|---|---|
| पहिला | ४०० | ३५० | २०० | ५० |
| दुसरा | ३८० | ३४० | २३० | ५० |
| तिसरा | ३९० | ३६० | २१० | ४० |
| चौथा | ४१० | ३७० | १९० | ३० |
| पाचवा | १०० | ३०० | २७० | ३३० |
| एकूण | १६८० | १७२० | ११०० | ५०० |

आधी आपली नेहमीची पद्धत लावू, फर्स्ट पास्ट द पोस्ट. नियम एकच, प्रत्येक मतदारसंघात ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून आला, निम्म्याहून जास्त असायची गरज नाही. पहिल्या चारही ठिकाणी मोर पुढे, पाचव्यात चिमणी पुढे. निकाल: मोर ४, चिमणी १, पोपट ०, घार ०.

आता खालची बेरजेची ओळ बघा. राज्यात सगळ्यात जास्त मतं पोपटाला आहेत, १७२०, म्हणजे ३४.४ टक्के. मोराला त्याहून कमी, ३३.६ टक्के. तरी मोराचं सरकार, तेही पाचात चार सीट घेऊन, आणि पोपट विधानसभेत दिसणारसुद्धा नाही. कुठेही घोटाळा झालेला नाही, मोजणी चोख आहे, हे फक्त नियमामुळे झालंय.

नियमात नेमकं काय आहे ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ही पद्धत राज्याची बेरीज करतच नाही. ती पाच वेगवेगळ्या शर्यती लावते आणि प्रत्येक शर्यतीत दुसरा आलेला आणि शेवटचा आलेला यांना सारखंच मोजते, म्हणजे शून्य. पोपट पाचही ठिकाणी दुसरा आहे, आणि पाच वेळा दुसरा येण्याची किंमत इथे काहीच नाही. उलट चिमणीकडे राज्यात फक्त १० टक्के मतं, पण त्या ५०० पैकी ३३० एकाच मतदारसंघात गोळा झालेली, म्हणून तिची सीट पक्की. घार बघा, २२ टक्के मतं, चिमणीच्या दुपटीहून जास्त, पण सगळीकडे थोडी थोडी पसरलेली, म्हणून हातात काही नाही. म्हणजे एफपीटीपीमध्ये "मतं किती" इतकाच "मतं कुठे" हा प्रश्न वजनदार असतो. उत्तर प्रदेशातली काँग्रेस आणि अपना दल त्या वर्षी चिमणीच्या जागी होते, त्यांची मतं मोजक्या ठिकाणी दाट होती, आणि बसपा घारीच्या जागी, सगळ्या राज्यभर भरपूर मतं पण पहिला नंबर कुठेच नाही.

अजून एक आकडा काढून ठेवा. पाच विजेत्यांना मिळून मतं किती, ४०० अधिक ३८० अधिक ३९० अधिक ४१० अधिक ३३०, म्हणजे १९१०. बाकीची ३०९० मतं, जवळजवळ ६२ टक्के, हरलेल्या उमेदवारांना गेली. पुस्तकात याला वाया गेलेली मतं म्हणतात. मला तो शब्द फार आवडत नाही कारण मत देणाऱ्याने काही वाया घालवलेलं नसतं, पण परीक्षेत तोच वापरतात तर माहीत असू द्या.

आता दुसरी पद्धत, प्रमाणशीर प्रतिनिधित्व, ज्याला सगळे पीआर म्हणतात. यात बरेच प्रकार आहेत, आपण सगळ्यात जास्त वापरला जाणारा घेऊ, पक्षांच्या लिस्टचा. पाच मतदारसंघांच्या भिंती काढून टाका, सगळं राज्य एकच मतदारसंघ ज्यातून पाच जण निवडायचेत. प्रत्येक पक्ष आपली क्रमवार लिस्ट देतो, मतदार पक्षाला मत देतो, आणि पक्षाला जितक्या सीट मिळतील तितकी लिस्टमधली वरची नावं आत जातात. प्रश्न फक्त एवढाच की ३४.४ टक्के मतांना पाचपैकी नेमक्या किती सीट? पाचाचे ३४.४ टक्के म्हणजे १.७२ सीट, आणि माणूस अपूर्णांकात निवडून देता येत नाही. सगळी भानगड या अपूर्णांकांची आहे आणि तो कसा सोडवायचा यावरून वेगवेगळी सूत्रं निघालीत.

त्यातलं एक बेल्जियमच्या व्हिक्टर डी'होंट यांच्या नावाने ओळखलं जातं, एकोणिसाव्या शतकातलं आहे आणि आजही युरोपातले बरेच देश तेच वापरतात. प्रत्येक पक्षाची मतं १ ने, मग २ ने, मग ३ ने भागत जायची, आलेले सगळे भागाकार एकत्र लावायचे, आणि जितक्या सीट आहेत तितके सगळ्यात मोठे आकडे निवडायचे.

| भागिले | मोर | पोपट | घार | चिमणी |
|---|---|---|---|---|
| १ | १६८० | १७२० | ११०० | ५०० |
| २ | ८४० | ८६० | ५५० | २५० |
| ३ | ५६० | ५७३ | ३६७ | १६७ |
| ४ | ४२० | ४३० | २७५ | १२५ |

पाच सगळ्यात मोठे शोधा: १७२० (पोपट), १६८० (मोर), ११०० (घार), ८६० (पोपट), ८४० (मोर). झालं. पोपट २, मोर २, घार १, चिमणी ०.

हे भागत का जायचं, हे कोणी विचारलं तर पाठ केलेलं उत्तर देऊ नका, हे सांगा: भागाकार म्हणजे त्या पक्षाला पुढची सीट दिली तर त्याच्या प्रत्येक सीटमागे सरासरी किती मतं उभी राहतील. पोपटाला पहिली सीट दिली तर तिच्यामागे १७२० मतं, दुसरी दिली तर दोघींच्या मागे ८६०-८६०. दर वेळी सीट अशा पक्षाला जाते ज्याच्याकडे सीटमागे मतं सगळ्यात जास्त उरतात. शेवटचा निवडलेला आकडा ८४० आहे, म्हणजे या निवडणुकीत एका सीटचा भाव ८४० मतं ठरला. पडताळून बघा: १७२० मध्ये ८४० दोनदा जातात, १६८० मध्ये बरोबर दोनदा, ११०० मध्ये एकदा, ५०० मध्ये एकदाही नाही. पेपरात उत्तर बरोबर आलंय का हे तपासायचा हाच सगळ्यात सोपा मार्ग, शेवटच्या आकड्याने सगळ्यांची मतं भागा आणि पूर्णांक तेवढे घ्या, बेरीज एकूण सीटइतकी आली पाहिजे.

आता दोन निकाल शेजारी ठेवले की पोपट आणि घार यांना न्याय मिळाला असं वाटतं, आणि तसं आहेही, पण चिमणीकडे लक्ष गेलं का? १० टक्के मतं असून पीआरमध्ये तिची सीट गेली, जी एफपीटीपीमध्ये होती. पीआर म्हणजे छोट्या पक्षांची सोय असं सरसकट लिहिणाऱ्यांनी इथे थांबायला हवं. पसरलेल्या छोट्या पक्षाची सोय होते, एकाच भागात घट्ट असलेल्या छोट्या पक्षाची होईलच असं नाही. आणि हा दोष डी'होंटचा आहे का? नाही. दुसरं सूत्र वापरून बघा, सेंट-लाग्यू म्हणून आहे ज्यात १, ३, ५ असं विषम आकड्यांनी भागतात आणि जे छोट्या पक्षांना जरा जास्त हात देतं, त्यातही पाच सीटचा निकाल २, २, १, ० हाच येतो.

खरं कारण आहे सीटची संख्या. एका मतदारसंघातून किती जण निवडायचेत, याला मतदारसंघाचा आकार म्हणतात, आणि तो लोकसंख्येचा किंवा क्षेत्रफळाचा नाही तर सीटचा आकार असतो. आपल्याच टेबलात पाचाऐवजी दहा सीट वाटा. वरून दहा मोठे आकडे घेतले तर १७२०, १६८०, ११००, ८६०, ८४०, ५७३, ५६०, ५५०, ५०० आणि ४३०. पोपट ४, मोर ३, घार २, चिमणी १. मतं तीच, सूत्र तेच, फक्त सीट वाढवल्या, आणि निकाल मतांच्या टक्केवारीला कितीतरी जवळ गेला, चिमणीच्या १० टक्के मतांना दहापैकी एक सीट. आता उलट दिशेला जा, एकाच सीटसाठी डी'होंट लावा. सगळ्यात मोठा एकच आकडा निवडायचा, म्हणजे जो पहिला तो जिंकला. म्हणजे फर्स्ट पास्ट द पोस्टच झालं की! माझ्या मते हा या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे, या दोन पद्धती दोन वेगळ्या जगातल्या नाहीत, मतदारसंघात एक सीट ठेवा की हे टोक, दीडशे ठेवा की ते टोक. ते टोक खरंच आहे, नेदरलँड्समध्ये संसदेच्या खालच्या सभागृहाच्या १५० सीट अख्ख्या देशाच्या मतांवर वाटल्या जातात, त्यामुळे पाऊण टक्क्याच्या आत मतं असली तरी सीट मिळू शकते, आणि २०२१ च्या निवडणुकीत तिथे १७ पक्ष आत आले आणि सरकार बनायला २९९ दिवस लागले.

इथे एक गोंधळ आपल्याकडचे विद्यार्थी हमखास करतात. महाराष्ट्रात मुंबई सोडून बाकी महानगरपालिकांत बहुतेक चार-चार नगरसेवकांचे प्रभाग असतात, मग ते पीआर झालं का? नाही झालं. तिथे अ, ब, क, ड अशा वेगळ्या जागा असतात, मतदार प्रत्येक जागेसाठी वेगळं बटण दाबतो आणि प्रत्येक जागेवर जास्त मतं पडलेला जिंकतो, म्हणजे एकाच प्रभागात चार एफपीटीपी. एकाच पक्षाचं अख्खं पॅनल येणं त्यामुळेच सहज घडतं. सीट एकापेक्षा जास्त असून भागत नाही, वरच्या टेबलासारखी वाटणीही झाली पाहिजे.

आता आपल्या टेबलाला एक धक्का देऊन बघू. समजा पुढच्या निवडणुकीत मोराचे काही मतदार पोपटाकडे गेले, पहिल्यात २६, दुसऱ्यात २१, तिसऱ्यात १६, चौथ्यात २१. एकूण ८४ माणसं, पाच हजारात पावणेदोन टक्केसुद्धा नाहीत. पहिल्यात आता मोर ३७४, पोपट ३७६. दुसऱ्यात ३५९ आणि ३६१. तिसऱ्यात ३७४ आणि ३७६. चौथ्यात ३८९ आणि ३९१. चारही सीट पोपटाकडे, मोर चारावरून शून्यावर. पीआरमध्ये काय होतं? पोपट १८०४, मोर १५९६, भागा आणि बघा, पाच मोठे आकडे १८०४, १५९६, ११००, ९०२, ७९८, म्हणजे पुन्हा २, २, १. काहीच हललं नाही.

हे चांगलं की वाईट, यावर माझं मत सांगतो. बऱ्याच नोट्समध्ये एफपीटीपी स्थिर आणि पीआर अस्थिर असं सरळ लिहिलेलं असतं, ते अर्धंच आहे. एफपीटीपीमध्ये *सरकार* स्थिर असतं कारण एकाला घसघशीत बहुमत मिळतं, पण *निकाल* नाजूक असतो, थोड्या मतांनी सगळं पालटतं. पीआरमध्ये निकाल फार हलत नाही पण २, २, १ मध्ये कोणाचंच बहुमत नाही, सरकार कोणाचं ते घारीच्या एका सीटवर ठरणार आणि ती बोलणी मतदानानंतर बंद दाराआड होणार. सरकारला घरी पाठवायची ताकद मतदाराच्या हातात असणं ही एफपीटीपीची खरी बाजू आहे आणि ती मी हलकी धरत नाही.

हा झोका आपण २०२४ मध्ये महाराष्ट्रात पाहिलाच. लोकसभेला महाविकास आघाडी आणि महायुती दोघांचीही मतं ४३-४४ टक्क्यांच्या आसपास, जवळपास बरोबरीत, पण ४८ पैकी जागा ३० आणि १७. सहा महिन्यांच्या आत विधानसभेला महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांची मतं ४८ टक्क्यांच्या आसपास गेली, आघाडीच्या तिघांची ३४ च्या आसपास आली, आणि २८८ पैकी जागा २३० विरुद्ध ४६. म्हणजे जागांचा वाटा ३५ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर, मतांचा वाटा मात्र पाचेक टक्क्यांनी वाढला. एक काळजी घ्या, असे आकडे वाचताना पक्षाने किती जागा लढवल्या ते आधी बघा. त्याच लोकसभेला राज्यात भाजपला २६ टक्के मतं आणि ९ जागा, काँग्रेसला १७ टक्के आणि १३ जागा, पण भाजप २८ ठिकाणी लढली होती आणि काँग्रेस १७ ठिकाणी. जिथे उमेदवारच नाही तिथे मतं कुठून येणार, म्हणून युती असेल तर युतीची बेरीज घ्यायची, एकेका पक्षाची तुलना फसवते.

पीआरमध्ये वाटणी बिघडवणारी अजून एक गोष्ट असते, उंबरठा, म्हणजे ठरावीक टक्क्यांखाली मतं असतील तर पक्ष वाटणीतच धरायचा नाही. फार बारीक तुकडे होऊ नयेत म्हणून हा ठेवतात. पण तो किती ठेवला यावर सगळं अवलंबून. तुर्कस्तानात देशपातळीवर १० टक्क्यांचा उंबरठा होता. २००२ मध्ये फक्त दोन पक्ष तो ओलांडू शकले, एकेपीला ३४ टक्क्यांच्या आसपास मतं आणि ५५० पैकी ३६३ जागा, सीएचपीला १९ टक्के आणि १७८ जागा, आणि साडेनऊ टक्के मतं घेतलेला पक्ष थेट शून्यावर. ३४ टक्क्यांत जवळजवळ दोन तृतीयांश संसद, हे आपल्या मोराच्या एफपीटीपी निकालासारखंच दिसतं ना? पद्धतीचं नाव मात्र पीआर, सूत्र डी'होंटच. म्हणून "त्या देशात पीआर आहे" एवढं कळून काही उपयोग नाही, मतदारसंघात सीट किती आणि उंबरठा किती हे दोन आकडे विचारा, मग बोला.

आपल्याकडे हा विषय संविधान सभेत आलाच नव्हता असंही नाही. जानेवारी १९४९ मध्ये काझी सय्यद करीमुद्दीन यांनी बहुसदस्यीय मतदारसंघ घेऊन लोकसभेसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची दुरुस्ती मांडली, अल्पसंख्याकांचा आवाज सभागृहात यावा हा त्यामागचा विचार. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि त्यांची कारणं दोन होती, एक म्हणजे देशात साक्षरता फार कमी आहे आणि मतदाराला ही पद्धत झेपणार नाही, आणि दुसरं, संसदीय पद्धतीत सरकार सभागृहाच्या विश्वासावर टिकतं, सभागृहाचे तुकडे झाले तर सरकार उभंच राहणार नाही. पहिलं कारण आता तितकं लागू नाही, आणि लिस्टच्या पीआरमध्ये चिन्हावरच बटण दाबायचं असतं, त्यात अवघड काही नाही. दुसरं कारण मात्र आजही तितकंच खरं वाद घालण्यासारखं आहे, नेदरलँड्सचे ते २९९ दिवस त्याच बाजूने बोलतात. आणि संविधानाने पीआर पूर्ण टाकलेलंही नाही, राज्यसभेसाठी आमदार जे मत देतात ते प्रमाणशीर पद्धतीनेच, एकल संक्रमणीय मताने, पसंतीचे क्रमांक लिहून. ते लिस्टचं पीआर नव्हे, त्याची मोजणी वेगळी, ती इथल्या टेबलाने करायला जाऊ नका.

शेवटचं, आणि हे डिसर्टेशन करणाऱ्यांनी नीट वाचा. उत्तर प्रदेश २०१४ चे आकडे घेऊन "पीआर असतं तर बसपाला ८० पैकी १६ जागा असत्या" असं लिहायचा मोह होतो, आपण वर आपल्या टेबलात तेच केलं, मतं तीच ठेवली आणि फक्त नियम बदलला. शिकायला ते ठीक आहे, पण खऱ्या निवडणुकीत नियम बदलला की मतंही बदलतात. "हा काय निवडून येत नाही, मग त्यातल्या त्यात बरा त्याला देऊ" असा विचार करणारा मतदार पीआरमध्ये मोकळा होतो, पक्ष युत्या वेगळ्या करतात, फुटतात, नवे येतात. न्यूझीलंडने हा बदल खरंच केला, १९९३ ची निवडणूक एफपीटीपीने आणि १९९६ ची मिश्र प्रमाणशीर पद्धतीने. १९९३ मध्ये तिथल्या अलायन्स पक्षाला १८ टक्के मतं आणि ९९ पैकी २ जागा. कागदावर हिशोब केला असता तर पीआरमध्ये त्यांच्या जागा एकूण जागांच्या १८ टक्क्यांच्या आसपास निघाल्या असत्या. प्रत्यक्षात १९९६ मध्ये त्यांची मतंच १० टक्क्यांवर आली, १२० पैकी १३ जागा मिळाल्या, आणि न्यूझीलंड फर्स्ट नावाचा पक्ष ८ टक्क्यांवरून १३ वर जाऊन १७ जागा घेऊन बसला, आणि सरकार कोणाचं हे ठरवणारा तोच निघाला.